एका 'व्हॉल्व्ह'ची दोन रशियन नावं

"रशियन शिकून बडोद्यात करतेस काय?" असं नातेवाईक विचारतात. मी इथे बसून यंत्रांची मॅन्युअल्स इंग्रजीतून रशियनमध्ये आणते. नंतर एक रशियन मातृभाषक इंजिनिअर ती तपासतात. आज माझीच एक चूक सांगते.

सेंट्रिफ्यूगल पंपाचं मॅन्युअल होतं. दुसऱ्या प्रकरणात पंपातलं पाणी काढून टाकल्यावर वाक्य होतं, 'व्हॉल्व्ह बंद करा.' हा व्हॉल्व्ह म्हणजे निचऱ्याच्या नळीवरचा बॉल व्हॉल्व्ह, दांडी पाव फेरा फिरवली की बंद. रशियनमध्ये तो 'क्रान'. मी तसं लिहिलं आणि ते वाक्य ट्रान्सलेशन मेमरीत साठलं. ही मेमरी म्हणजे पूर्वी केलेल्या वाक्यांच्या जोड्यांची वही. तेच वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपोआप पुढे येतं.

पाचव्या प्रकरणात, पंप सुरू करण्याआधी, अक्षरशः तेच वाक्य आलं. मेमरीने शंभर टक्के जुळणी दाखवली आणि मी न वाचता पुढे गेले. पण हा व्हॉल्व्ह बाहेर जाणाऱ्या मोठ्या पाइपवरचा होता, चाक बरेच फेरे फिरवून बंद करायचा गेट व्हॉल्व्ह. त्याला रशियनमध्ये 'झाद्वीश्का' म्हणतात.

तपासनीसांचा फोन आला, "अहो, कामगार निचऱ्याचा क्रान बंद आहे ना, एवढंच बघेल आणि बटण दाबेल. मोठा पाइप उघडाच! मोटरवर सुरुवातीलाच जास्त भार येईल."

शब्द कोश बघून घेतला होता, तरी अर्थ चुकला होता. तेव्हापासून माझ्या ग्लॉसरीत नुसतं 'व्हॉल्व्ह' ही नोंदच नाही. आकृतीतला भाग क्रमांक, पूर्ण इंग्रजी नाव, रशियन नाव आणि त्या भागासाठी न वापरायचा शब्द, असे चार रकाने असतात. मूळ वाक्यात भाग क्रमांक नसेल, तर काम सुरू करण्याआधी कंपनीला विचारून तो घालून घेते. मग दोन वाक्यं वेगळी होतात.

शेवटी शब्द तपासायचा, तर आणखी एक गंमत. आपण 'घर, घरात, घराला' म्हणतो तसंच रशियन नाम विभक्तीप्रमाणे बदलतं. 'झाद्वीश्का बंद करा' म्हणताना ते 'झाद्वीश्कू' होतं. ग्लॉसरीतलं रूप जसंच्या तसं शोधलं तर संगणक बरोबर वाक्यालाही चूक ठरवतो. म्हणून मी शेपूट कापून फक्त शब्दाचा बदलत नाही तेवढा भाग शोधते.

आणि शंभर टक्के जुळलेलं वाक्य? तेही आता आकृती शेजारी ठेवूनच वाचते.