'बघू' म्हणजे ठरलं नव्हे

समजा, नालासोपाऱ्यातल्या चौथीच्या मुलाची आई आणि वर्गशिक्षिका 20 मिनिटं बोलल्या. बाबा विरार लोकलमध्ये होते, म्हणून दोघींच्या संमतीनं बोलणं रेकॉर्ड केलं. बाबांसाठी त्या बोलण्याचा सारांश करताना आधी काळजी कुणाची, ते लिहावं: आई म्हणते, तो घरी वाचत नाही, बाई म्हणतात, फळ्यावरचं चुकीचं उतरवतो. 'डोळ्यांमुळे असेल' हा बाईंचा अंदाज आहे, निदान नव्हे; तो अंदाज म्हणूनच नोंदवावा. मग ठरलेलं: आई शनिवारपर्यंत त्याचे डोळे तपासून घेईल, बाई सोमवारपासून त्याला पहिल्या बाकावर बसवतील. 'शिकवणीचं बघू' या वाक्याला ना नाव, ना तारीख. ते 'अजून ठरायचं' या रकान्यात जातं. शेवटी सारांश दोघींना वाचून दाखवावा, मगच बाबांना पाठवावा.