चाळिसाची पंधरा मिनिटं



गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या सांगलीच्या महिला मंडळाची वेरूळची सहल जानेवारीत ठरली होती आणि त्याआधी एका रविवारी तिथल्या जैन लेण्यांवर मी चाळीस मिनिटं बोलायचं होतं. महिनाभर तयारी केली. सेहेचाळीस स्लाइड झाल्या. घरी मोबाइलवर वेळ लावून तीनदा बोलून पाहिलं आणि भाषण बरोबर चाळीस मिनिटांत बसवलं.

माझी वेळ होती चार वाजून वीस मिनिटांची. सव्वाचार वाजता स्टेजवर सत्कारच चालू होते. अकरा जणींना शाल-श्रीफळ आणि प्रत्येकीचं मनोगत. (सत्काराला हरकत नाही, मनोगताला आहे.) सेक्रेटरी वहिनी वाकून कानाशी आल्या. "ताई, पावणेपाचला सुरू करा आणि पाचला संपवा. दोन पंगती व्हायच्यात, सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं झाली पाहिजेत." यावर भांडण्यासारखं काही नव्हतं. सूर्य सत्कारासाठी थांबत नाही. माझ्या हातात पंचवीस-तीस मिनिटं, एक पेन आणि निमंत्रणपत्रिकेची कोरी मागची बाजू होती.

त्या अर्ध्या तासात मी काय चूक केली आणि काय बरोबर केलं, ते सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणी पर्युषणात, मंडळात, शाळेत बोलतात आणि ही वेळ कुणावरही येते.

पहिला मोह होता भरभर बोलण्याचा. तो लगेच सोडला, कारण घरी एकदा गंमत म्हणून घाईघाईने सगळं बोलून पाहिलं होतं. जीभ अडखळेपर्यंत धावूनही तेहतीस मिनिटं लागली होती. म्हणजे घाईने फार तर सातेक मिनिटं वाचतात, इथे पंचवीस वाचवायची होती. शिवाय माझं भाषण चित्रांचं. चित्र पडद्यावर आलं की बायका आधी बघतात, मग ऐकतात. बघायला वेळ दिला नाही तर दोन्ही वाया.

दुसरा मोह जास्त फसवा आहे, कारण तो न्याय्य वाटतो. प्रत्येक भागातून सारखं कापायचं. माझे भाग असे होते : वेरूळची ओळख सहा मिनिटं, राष्ट्रकूट काळ नऊ, पाचही जैन लेणी एकेक करून चौदा, अंबिका आणि यक्ष पाच, चित्रं आणि जतन चार, समारोप दोन. पत्रिकेवर मी खरोखर त्यांच्यापुढे दोन, तीन, पाच, दोन, दोन, एक असे आकडे लिहिले. बेरीज पंधरा आली, बरं वाटलं. मग पहिल्या भागाची दोन मिनिटं मनात बोलून पाहिली : वेरूळला एकूण चौतीस लेणी, पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. एवढ्यात दोन मिनिटं संपत आली आणि ऐकणारीला मिळालं काय? तिकीटखिडकीजवळच्या फलकावर वाचता येईल एवढंच. प्रत्येक भागाचं असंच झालं असतं. नावं सगळी आली असती, एकही मूर्ती डोळ्यांसमोर उभी राहिली नसती. घरात एकदम वीस पाहुणे आले म्हणून पाच पदार्थांत पाणी वाढवायचं नसतं, दोनच पदार्थ नीट करायचे असतात.

मग मी उलट प्रश्न विचारला. या बायका महिन्याने तिथे उभ्या राहणार आहेत. समोर दिसेल, पण कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही असं काय आहे? या एका प्रश्नाने बहुतेक कात्री चालवली. राष्ट्रकूटांची नऊ मिनिटं गेली, कारण तो इतिहास तिथे डोळ्यांना दिसत नाही, तो बसमध्येही सांगता येतो. पाचांतलं एकच लेणं ठेवलं, बत्तीस क्रमांकाचं, ज्याला इंद्रसभा म्हणतात. तीस, एकतीस, तेहतीस, चौतीस पूर्ण वगळली. चौदा मिनिटांचा भाग कापताना हात थरथरला हे कबूल करते, कारण तेहतिसाव्याचे फोटो मी स्वतः उन्हात उभं राहून काढले होते. पण आपली मेहनत किती झाली हा ऐकणारीचा प्रश्न नसतो.

बाहुबली आणि पार्श्वनाथांच्या कथाही कापल्या. चाळीस मिनिटांच्या भाषणात त्या होत्या, पण समोर बसणाऱ्या बहुतेकींनी त्या लहानपणापासून ऐकलेल्या. कॉलेजच्या मुलामुलींपुढे बोलायचं असतं तर हाच भाग ठेवला असता आणि दुसरं काही काढलं असतं. म्हणून एकदा केलेली कापणी दुसऱ्या सभेला चालत नाही.

उरलं ते असं. आधी अंगण : एकाच खडकातलं छोटं देऊळ, दगडी हत्ती, उंच स्तंभ. दोन मिनिटं. मग समोरासमोर उभे असलेले पार्श्वनाथ आणि बाहुबली, पाच मिनिटं. एकावर फण्यांचं छत्र, भोवती उपसर्ग करणारे, बाजूला छत्र धरलेली स्त्री. दुसऱ्याच्या हातापायांवर वेली. एकाला बाहेरून छळ होतोय, दुसऱ्याला कुणी हातही लावलेला नाही, नुसता काळ अंगावर चढलाय, आणि दोघंही सारखेच निश्चल उभे. ही जोडी तिथल्या लेण्यांत पुन्हा पुन्हा दिसते. एकदा कळली की बाकीची लेणी बायका आपल्या आपण वाचू शकतात, म्हणून वगळलेल्या चार लेण्यांचं कामही हीच पाच मिनिटं करणार होती. शेवटी वरच्या मजल्यावरची अंबिका, चार मिनिटं : आंब्याचं झाड, खाली सिंह, मांडीवर मूल. आणि तिच्या जोडीचा हत्तीवर बसलेला यक्ष, ज्याला इंद्र समजल्यामुळे लेण्याला इंद्रसभा नाव पडलं. समारोपाला एक मिनिट.

ही झाली बारा मिनिटं. पंधरा मिळाली म्हणजे पंधरा बोलायची नसतात. आपली ओळख करून देणं, माइक खालीवर करणं, प्रोजेक्टर लागणं यात तीन जातातच. माझी साडेतीन गेली.

स्लाइडचं एक सांगते. सेहेचाळिसातल्या एकोणचाळीस पुसत बसू नका, घाईत भलतीच पुसली जाते. आणि भरल्या सभेत "हे सोडूया, हेही सोडूया" म्हणत भराभर पुढे सरकवूही नका. त्याने बायकांना फक्त आपल्याला काय मिळालं नाही तेच दिसतं. मी हव्या असलेल्या सात स्लाइडचे क्रमांक पत्रिकेवर लिहिले. स्लाइड शो चालू असताना क्रमांक टाइप करून एन्टर दाबलं की पॉवरपॉइंट थेट तिथे जातं. प्रत्येक क्रमांकापुढे घड्याळाची वेळ लिहिली : अंबिकेवर चार पंचावन्नला पोहोचायचंच, जोडीचं अर्धं राहिलं तरी. अशी एक तरी वेळ लिहिलेली नसेल तर शेवट कापला जातो, आणि शेवट म्हणजे नेमकी तीच गोष्ट जी आपण सगळ्यांत चांगली म्हणून मागे ठेवलेली असते.

सुरुवातीला "वेळ कमी असल्यामुळे" हे शब्द मी म्हटले नाहीत. माझं ठाम मत आहे की ते म्हणूच नयेत. आपण काय वगळलं हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं, आणि ती दिलगिरी अर्धं मिनिट खाते. माझं पहिलं वाक्य होतं, "कैलास पाहून दमलात तरी परत फिरू नका, आपली लेणी तिथून पुढे बरीच उत्तरेला आहेत." सगळ्या एकदम सावरून बसल्या.

आता चूक. बाहुबलीच्या दोन बाजूंना दोन स्त्रिया कोरलेल्या आहेत. त्या कोण, यावर मतं दोन. काहीजण त्यांना ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी मानतात. काहीजण विद्याधरी म्हणतात, कारण जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात विद्याधरी वेली दूर करतात, आणि ते जिनसेन राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, म्हणजे लेण्यांच्याच काळाजवळचे. चाळीस मिनिटांत मी हे सगळं सांगणार होते. पण जिनसेन राष्ट्रकूटांच्या भागाबरोबर कापले गेले, आणि स्टेजवर माझ्या तोंडून सरळ निघालं, "या बहिणी, ब्राह्मी आणि सुंदरी." संशयाचा 'बहुधा'सुद्धा राहिला नाही. पंगतीत एक वयस्कर काकू ताटावरून म्हणाल्या, "अगं, पुराणात तर विद्याधरी आहेत ना?" त्यांचं बरोबर होतं, आणि ते मला माहीत होतं, हे जास्त लागलं.

कापताना सगळ्यांत आधी 'बहुधा', 'काहींच्या मते', 'पण' हेच शब्द गळतात, कारण ते लहान आणि बिनकामाचे वाटतात. ते गळले की वाक्य छोटं होतं आणि खोटं होतं. आता मी कापून झालेला कागद या एकाच नजरेने पुन्हा वाचते : मोठ्या भाषणात जिथे शंका होती तिथे इथे खात्री तर आली नाही ना? उपाय सोपा असतो. "दोन स्त्रिया वेली बाजूला करताहेत, त्या कोण यावर दोन मतं आहेत." एवढं म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. नाहीतर त्या स्त्रियांचा उल्लेखच टाळायचा. आपल्याला स्याद्वाद शिकवलेला असताना माझ्याकडून हे व्हावं!

सगळंच पंधरा मिनिटांत मावतं असं मी म्हणणार नाही. लेण्यांचा काळ कसा ठरवतात, हे पुराव्यांनिशी एकेक पायरीने सांगावं लागतं. मधली पायरी काढली तर ऐकणारीने नुसता विश्वास ठेवायचा उरतो. त्या दिवशी माझा विषय तो असता तर मी पंधरा मिनिटं घेतलीच नसती, दुसरी तारीख मागितली असती.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मी खाली उतरले. पहिली पंगत वेळेवर बसली.

जानेवारीत बसमध्ये माइक हातात घेऊन राष्ट्रकूटांची नऊ मिनिटं सांगितली आणि विद्याधरींची दुरुस्तीही केली. पहाटे साडेपाचची वेळ. काकू जाग्या होत्या, बाकीच्या निम्म्या झोपल्या होत्या.