स्वयंपाकघरातलं शास्त्र : व्हिनेगरची आई गुदमरते तेव्हा

आपल्याकडे ‘कॉक्स’ म्हणून मिळणारं सफरचंद मूळचं स्लाऊचंच. 1825 च्या सुमारास रिचर्ड कॉक्स या निवृत्त ब्रूअरने ते इथल्या कोलनब्रुकमध्ये बीपासून वाढवलं. शेजारच्या आजींच्या अंगणात त्याचं झाड आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी दोन पिशव्या भरून दिली आणि मी व्हिनेगर करायला घेतलं.

रसाची साइडर छान झाली. मग ती बरणीत ओतली, न गाळलेलं व्हिनेगर विरजण म्हणून घातलं आणि झाकण घट्ट लावलं. दोन महिन्यांनी उघडली, तर दारूचाच वास! लेकीने विचारलं, “इडलीचं पीठ झाकून आंबतं, मग हे का नाही?”

प्रश्न बरोबर होता. साखरेची दारू करणाऱ्या यीस्टला हवा नसली तरी चालते. दारूचं व्हिनेगर मात्र अ‍ॅसिटोबॅक्टरसारखे जिवाणू करतात आणि त्यांना श्वास घ्यावाच लागतो. ते अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून ऑक्सिजनला जोडतात. त्यातून पाणी होतं, मागे अ‍ॅसेटिक आम्ल उरतं आणि जिवाणूंना ऊर्जा मिळते. ऑक्सिजन संपला की काम तिथेच थांबतं.

किती लागतो? पाच टक्क्यांच्या एक लिटर साइडरमध्ये साधारण 40 ग्रॅम अल्कोहोल असतं. ते सगळं आंबवायला 27 ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन हवा, म्हणजे जवळजवळ 100 लिटर हवेतला. माझ्या बंद बरणीत वर हवा होती अर्धा लिटर, गरजेच्या दोनशेवा भाग!

द्रवात ऑक्सिजन फारच थोडा विरघळतो. म्हणून हे जिवाणू पृष्ठभागावर सायीसारखा थर धरतात. इंग्रज त्याला ‘मदर’ म्हणतात, म्हणजे व्हिनेगरची आई. बरणी हलवली की ती बुडते, बुडाली की गुदमरते.

दुसऱ्या वेळी रुंद तोंडाची बरणी घेतली आणि अर्धीच भरली. तीन भाग साइडरला एक भाग न गाळलेलं व्हिनेगर घातलं, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं. फडक्यातून हवा जाते, चिलटं जात नाहीत. बरणी बॉयलरच्या उबदार कपाटात ठेवली आणि तिला हात लावला नाही. दहाबारा दिवसांत गुळगुळीत पांढुरकी साय आली. (हिरवी किंवा केसाळ दिसली तर ती बुरशी, सगळं टाकून द्यायचं.) अडीच महिन्यांत दारूचा वास गेला.

आता उलटी खबरदारी घ्यायची. अल्कोहोल संपल्यावरही हवा मिळत राहिली, तर यातले काही जिवाणू आम्लच खाऊ लागतात आणि व्हिनेगर पांचट होतं. म्हणून ते गाळून बाटली काठोकाठ भरली आणि मग मात्र बूच घट्ट लावलं.

एक सांगते, याची आंबटपणाची टक्केवारी घरी नुसत्या चवीवरून कळत नाही. म्हणून ते कोशिंबिरीला वापरा, टिकाऊ लोणच्याला विकतचंच घ्या.

लेकीला उत्तर मिळालं. यंदा बरणीला फडकं तिनेच बांधलंय.