लग्न पाऊण तासाचं, हप्ते तीन वर्षांचे

आपला विवाहविधी पाऊण तासाच्या वर जात नाही. बाबासाहेबांनी ४ डिसेंबर १९५६ ला, महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, एका पत्रात तो सांगितला होता. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मध्ये पाण्याने भरलेलं नवं मडकं, त्यात सोडलेला सुताचा दोरा, दोऱ्याची टोकं दोघांच्या हातात, मंगलसुत्ताचं पठण आणि अंगावर पांढरे कपडे. यात दोन घरांनी भांडावं असं काहीच नाही. तरी वस्तीत काम करताना ज्या नवरा-बायकोत समेट घडवायला बसावं लागतं, त्यांच्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा लग्न ठरल्यापासून लग्न लागेपर्यंतच्या चार-पाच महिन्यांत सापडतं.

चळवळीतले आपले लोक यावर एकच उत्तर देतात, "साधेपणाने करा." व्यासपीठावरून ते छान वाटतं. पण ज्या बापाच्या बापाला गावात लग्नाची वरात वेशीतून नेता आली नाही, त्याला हॉल, बँड आणि हजार माणसांची पंगत हा निव्वळ बडेजाव वाटत नाही. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात. हॉलच्या दारावरच्या फलकावर आपलं आडनाव लागणं ही त्या माणसाच्या दृष्टीने मिळवलेली गोष्ट आहे. त्याला उधळपट्टीवर व्याख्यान देणाऱ्याने आधी एवढं समजून घ्यावं. माझा आक्षेप वेगळाच आहे. ही इज्जत नेमकी कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या नात्यातून वसूल होते?

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून नाव-गाव देत नाही. मुलगी मराठवाड्यातली, कंत्राटी स्टाफ नर्स, पगार २४ हजार. मुलगा पुण्याजवळ कंपनीत कामाला. दोघं बौद्ध, स्थळ नात्यातून आलेलं, एकमेकांना मनापासून पसंत. बैठकीत ठरलं की लग्न मुलीकडे, माणसं चारशे, हळद नाही, मानपान नाही. दोन महिन्यांनी मुलाच्या काकांचा फोन आला. आमच्याकडचीच पाचशे होतील, तुमची वेगळी. आत्याचं म्हणणं, हळद घरातल्या घरात करायला काय हरकत आहे. मुलीचे वडील प्रत्येक वेळी म्हणाले, "हरकत नाही, करू."

सगळा घोळ या "करू" मध्ये आहे. आपल्या बैठकीत मुलीकडच्या माणसाचा होकार म्हणजे संमती नसते. नाही म्हटलं तर स्थळ बिनसेल, बिनसलं तर गावभर बोभाटा होईल, म्हणून आलेला तो शब्द असतो. खरं उत्तर रात्री जेवताना घरात निघतं आणि ते फक्त मुलीच्या कानावर पडतं. ती सासरी सांगू शकत नाही, कारण बापाचा शब्द खाली पडेल. म्हणून ती होणाऱ्या नवऱ्याला फोन करते, "तुमच्या काकांना जरा सांगा ना." त्याला ऐकू येतं की ही आतापासूनच माझ्या घरच्यांची तक्रार करते. तो म्हणतो, "पण बाबा तर हो म्हणाले होते." तो खोटं बोलत नसतो, त्याने खरंच "हो" ऐकलेलं असतं. इथून पुढे दोघं प्रेमी उरत नाहीत, दोन घरांचे निरोपे होतात. आणि निरोप्यावर दोन्हीकडून राग निघतो.

भांडण खर्चावरून उठून नात्यात शिरलं हे ओळखायची खूण सोपी आहे. तोवर बोलणं हॉल, ताट, तारीख यांवर चाललेलं असतं. एक दिवस त्यात "तुमच्याकडचे" आणि "आमच्याकडचे" हे शब्द येतात, आणि मग "तू माझ्या बाजूने बोलतच नाहीस" हे वाक्य. त्या दिवसानंतर हॉल बदलूनही उपयोग होत नाही.

या दोघांच्या बाबतीत ताट २५० रुपयांचं होतं. वाढलेली पाचशे माणसं म्हणजे सव्वा लाख. मोठा हॉल आणि हळदीचं जेवण धरून वरचा खर्च दोन लाखांवर गेला. वडिलांना कर्ज मिळण्यासारखं नव्हतं. मुलीने स्वतःच्या नावावर दोन लाख उचलले, १४ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता साधारण ६,८०० रुपये. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगणं म्हणजे बापाची झाकली मूठ उघडणं. लग्नानंतर सासरी हिशोब झाला की सून कमावती आहे, घरात पंधरा-वीस हजार देईल. ती तेवढे देईना. सासूला वाटलं माहेरी पाठवते. नवऱ्याला वाटलं आपल्यापासून लपवते, आणि ते खरंही होतं. ज्या पंगतीत त्याचे पाचशे पाहुणे जेवून गेले, तिचेच पैसे बायको फेडत होती, आणि त्याच पैशांवरून तो तिच्यावर संशय घेत होता.

आपल्या विधीत वधू-वरांना पाच-पाच प्रतिज्ञा देतात. त्यांचा आधार सिगालोवाद सुत्त. त्यात पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये आणि घरातले अधिकार तिच्या हाती द्यावेत असं सांगितलं आहे. आदल्या पाच महिन्यांत जिला स्वतःच्या लग्नातलं एक ताटही कमी करता आलं नाही, तिला मंचावर अधिकार देण्याची प्रतिज्ञा बौद्धाचार्य वदवून घेतात आणि सगळे साधू म्हणतात. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब मुलींना हेच सांगत होते की नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा. लग्नानंतर उभं राहायचं तर लग्नाआधी कधीतरी उभं राहू द्यावं लागतं.

यात मी एक पद्धत धरून बसतो. बैठकीआधी दोघांनी एकटं बसून फक्त पैशाचं बोलायचं. कुणाकडे किती आहेत, कर्ज कुणाच्या नावावर, फेडणार कोण. आणि आपल्या घरच्यांना नकार ज्याने त्याने स्वतः द्यायचा. काकाला मुलाने सांगायचं, मुलीच्या बापाने नव्हे. आईची हळदीची हौसही त्यानेच ऐकून घ्यायची आणि २२ प्रतिज्ञांचं बोलणंही त्यानेच करायचं. ते होणाऱ्या सुनेच्या तोंडून गेलं की धम्माचं राहत नाही, उद्धटपणाचं होतं.

ही पद्धत प्रत्येक वेळी चालत नाही, हेही सांगायला हवं. मुलगा अजून बापाच्या पैशावर असेल तर त्याचा नकार कुणी ऐकत नाही. आंतरजातीय लग्नात तर कधी एका घरची माणसं येणारच नसतात, मग दुसरं घर थाटामाटातून सिद्ध करू पाहतं की आम्ही कुठे कमी नाही. त्यांना मी १९५४ चा विशेष विवाह कायदा सुचवतो, तीन साक्षीदार आणि स्वाक्षऱ्या. मात्र त्यात ३० दिवसांची नोटीस कार्यालयात उघड लागते. घरातून धोका असेल तर तो महिना सुरक्षित कुठे काढायचा हे आधी ठरवावं लागतं.

त्या जोडप्याचं सांगायचं राहिलं. कर्ज बाहेर पडलं ते अकराव्या महिन्यात, बँकेचा एसएमएस नवऱ्याने वाचला तेव्हा. माझ्यासमोर बसून त्याने आधी पाचशे गुणिले अडीचशे केलं, मग काकांना फोन लावला. काकांनी काही दिलं नाही. आता हप्त्यातले ३,४०० तो भरतो, आणि आईला ते त्यानेच सांगितलं.