'मदत करते' लिहून सुटका होत नाही

ऑनलाइन विक्रेत्यांना प्रॉडक्टची माहिती लिहून देऊन पॉकेटमनी काढणारं कुणीतरी तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्यांची एक ठरलेली ट्रिक असते: 'बरं करते' काढायचं आणि 'बरं व्हायला मदत करते' टाकायचं. मला ही ट्रिक पटत नाही. आणि खरं सांगायचं तर ती नीट चालतही नाही.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. समजा, संत्र्याच्या सालीच्या पावडरचा फेसपॅक विकायचाय. विक्रेत्याला हवंय, 'मुरुम सात दिवसांत गायब'. पण 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाचं काम स्वच्छ करणं, आकर्षक करणं, रूप बदलणं एवढंच आहे. आजारावर उपचाराची भाषा आली की तुम्ही औषधाच्या हद्दीत गेलात. 'मुरुम घालवायला मदत करते' लिहिलंत तर शब्द मवाळ झाला, दावा मात्र उपचाराचाच राहिला. अमेझॉनसारख्या साइटवर असा दावा टायटलमध्ये नसून फोटोवर किंवा ग्राहकाला न दिसणाऱ्या सर्च कीवर्डमध्ये असला, तरी लिस्टिंग उडू शकतं.

मग लिहायचं काय? 'चेहऱ्यावरचं जास्तीचं तेल आणि मळ काढते, धुतल्यावर त्वचा मऊ वाटते.' बस! गिऱ्हाईक पटतं ते पुढच्या तपशिलाने: 'फक्त वाळवलेली साल, रंग किंवा सुगंध नाही. एक चमचा पावडर दह्यात कालवा, 10 मिनिटांनी धुवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा.' शेवटचं वाक्य विक्रेते कापायला सांगतात. कापू नका. लिंबूवर्गीय साल काहींना झोंबते, आणि हे आधीच सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात.

खरा सापळा मात्र 'व्हिटॅमिन सी युक्त' या शब्दांत आहे. यात आजाराचं नावही नाही, म्हणजे साइट बहुधा अडवणार नाही. पण ऊन आणि हवेत हे व्हिटॅमिन झपाट्याने कमी होतं. तुमच्या पावडरीत किती उरलंय, हे लॅब रिपोर्टशिवाय कसं कळणार? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. साइटने पास केलं म्हणून वाक्य खरं ठरत नाही.

कधी कधी तर अख्खं वाक्यही लागत नाही. एप्रिल 2024 मध्ये सरकारने ई-कॉमर्स कंपन्यांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या कॅटेगरीतून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्न कायद्यात 'हेल्थ ड्रिंक'ची व्याख्याच नाही. म्हणजे माल कुठल्या कप्प्यात टाकला, हाही दावाच झाला.

आणि बाळाच्या दूध पावडरीचं काम आलं तर सरळ नाही म्हणा. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीच्या जाहिरातीवर 1992 च्या कायद्याने बंदीच आहे. तिथे चालणारा शब्द शोधत बसायचं कारण नाही.