घड्याळ कामगाराच्या हातावर, हिशेब मात्र दुसऱ्याच्या हातात



स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये नवी मुंबई देशात तिसरी आली. हे यश ज्यांच्या झाडूचे, त्या सफाई कामगारांच्या मनगटावर महापालिकेने जीपीएस घड्याळे बांधली. नागपूर, चंडीगडमध्येही हेच झाले. कागदोपत्री कामगार दाखवून बिले उचलणाऱ्यांना यामुळे चाप बसतो, असे समर्थन केले जाते. पण खोटी बिले ठेकेदार काढतो आणि पाळत बसते ती झाडणाऱ्यावर.

घड्याळ उपग्रहांच्या संकेतांवरून जागा ठरवते आणि नकाशावर बीटभोवती आखलेल्या कुंपणाशी ती ताडून पाहते. मोकळ्या मैदानात यात पाच-दहा मीटरची चूक होते. उंच इमारतींमधल्या गल्लीत संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक कित्येक पटींनी वाढते. समजा, बीट सहा मीटर रुंद गल्लीची आहे. बाई गल्लीतच झाडत असते, नकाशावर मात्र ती शेजारच्या सोसायटीत दिसते. कचऱ्याची ढकलगाडी संकलनाच्या जागी नेली, तरी ती कुंपणाबाहेर. ही चूक ओळखता येते: नोंदीतले ठिपके क्षणात रस्त्यापलीकडे उडी मारून परत येतात, जे झाडू हातात असलेल्या माणसाला शक्यच नसते. पण त्यासाठी कुणीतरी नोंद उघडून पाहावी लागते. थेट पगाराला जोडलेली यंत्रणा तसे करत नाही, खाडा लावून मोकळी होते.

शिवाय घड्याळ माणूस कुठे आहे ते सांगते, रस्ता झाडला का ते नाही. म्हणून कामगार पाणी प्यायला किंवा शौचालयात जायलाही कचरतो. असाच धाक अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये होता: मधल्या मनोऱ्यावरून मोजके पहारेकरी सातही शाखांवर नजर ठेवू शकत. कोण कधी बघतोय हे न कळल्यानेच कैदी दबून राहतो. जेरेमी बेंथमने १७९१ मध्ये मांडलेले तत्त्व हेच. मनोऱ्यावरचा पहारेकरी निदान थकायचा. घड्याळ थकत नाही, वर सगळे नोंदवून ठेवते.

गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तरी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ७ ने नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला कर्मचाऱ्याच्या संमतीविना माहिती वापरण्याची मुभा ठेवली आहे. महापे-ऐरोलीच्या कार्यालयांत संगणकाच्या पडद्यावर आणि माणसांवर नजर ठेवणारे मालकही याच मुभेकडे बोट दाखवतील. म्हणून कामाच्या ठिकाणचे नियम स्पष्ट हवेत.

महापालिकेने आधी स्वतःपासून सुरुवात करावी. प्रत्येक कामगाराला स्वतःची नोंद हजेरी शेडवर पाहता यावी. पाळी संपताच घड्याळ बंद व्हावे. मुकादमाने जागेवर खात्री केल्याशिवाय आणि कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय केवळ जीपीएसवरून एक रुपयाही कापू नये. ठेकेदाराचे बिल आणि घड्याळांची एकत्रित हजेरी प्रभागनिहाय जाहीर करावी. चोरी खरोखर बिलांत असेल, तर नजर तिथेच हवी.

— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई