सलाम आधी, सवाल लगेच

गेल्या रमजानात माझ्या नानीने बीपीची गोळी तीन दिवस घेतली नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली होती, दुकानात ती मिळाली होती आणि पाकीट उशाशी होतं. तिने मला मेसेज करून विचारलंही होतं. मी तो मेसेज पाहिला, उत्तरही दिलं. तरी तीन दिवस गेले. चूक कुठे झाली ते मी नंतर तिला एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. आमच्यातल्या बऱ्याच घरांत ही अडचण असणार असं वाटतं, म्हणून ती चिठ्ठी इथे देते.

नानी, अस्सलामु अलैकुम.

आधी तुमचा तो मेसेज पुन्हा वाचूया. तुम्ही लिहिलं होतं: “अस्सलामु अलैकुम बेटा, कशी आहेस? आम्ही सगळे अल्लाहच्या करमाने ठीक. उकाडा फार आहे. मामा काल पुण्याला गेला. शेजारच्या सुनेला मुलगा झाला. डॉक्टरांनी गोळी बदलली, आता गुलाबी आहे. सकाळी नाश्त्यानंतर घ्या म्हणाले. रोजे चालू आहेत. काही कळत नाही. दुआत याद ठेव.”

मी तेव्हा ऑफिसात होते. मेसेज आला की फोनच्या काचेवर त्याची सुरुवातीची एक-दोन वाक्यं तेवढी दिसतात. मला दिसलं, “कशी आहेस? आम्ही सगळे अल्लाहच्या करमाने ठीक.” मी समाधानाने लिहिलं, “वअलैकुम अस्सलाम नानी, मी मजेत.” तुम्हाला वाटलं, हिने सगळं वाचलं आणि काळजीचं काही नाही. मला वाटलं, घरी सगळं ठीक आहे. गोळी मधल्या मध्ये राहिली.

आता नीट बघा, त्या मेसेजमध्ये गोळीबद्दल सवाल कुठे आहे? गोळीची बातमी आहे, रोज्यांची बातमी आहे आणि “काही कळत नाही” आहे. संपूर्ण मेसेजमध्ये सवाल एकच, “कशी आहेस?” आणि मी त्याचंच उत्तर दिलं.

पुढच्या वेळी असं लिहा: “सलाम बेटा. बीपीची नवी गोळी रोज्यात कधी घेऊ, सहरीला की इफ्तारनंतर? डॉक्टरांना विचारून आज मगरिबच्या आत सांग.”

यात चारच गोष्टी आहेत. कशाबद्दल, तर बीपीची नवी गोळी. काय हवं, तर वेळ. कोणाला विचारायचं, तर डॉक्टरांना, कारण गोळीची वेळ मी माझ्या मनाने ठरवू शकत नाही. आणि उत्तर कधीपर्यंत हवं, तर मगरिबच्या आत. एवढं झालं की खाली मामा, उकाडा, शेजारचं बाळ सगळं लिहा. मला ते हवंच असतं. फक्त ते सवालाच्या खाली असू द्या.

सलाम सोडू नका. मी तसं म्हणत नाही. पण नुसता सलाम पाठवून माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका. तुम्ही दहा वाजता “अस्सलामु अलैकुम” लिहिता, मी एक वाजता उत्तर देते, तोवर तुम्ही जोहरच्या तयारीला लागलेल्या असता आणि सवाल रात्री येतो. सलाम आणि सवाल एकाच मेसेजमध्ये पाठवा.

एका मेसेजमध्ये एकच सवाल ठेवा. तुम्ही गोळीचं आणि गॅसच्या पुस्तकाचं एकत्र विचारलंत तर मी सोप्याचं उत्तर देईन आणि अवघड विसरेन. दुसरा सवाल वेगळा पाठवा.

प्रश्नचिन्ह कीबोर्डवर खाली डाव्या कोपऱ्यात `?123` दाबल्यावर सापडतं. बोलून लिहिलंत तर ते बहुतेक वेळा येत नाही. काही बिघडत नाही. कधी, किती, कुठे, कोणाला यातला एक शब्द वाक्यात असला की मला कळतं. “गोळी बदलली आहे” यावरून कळत नाही, “गोळी कधी घेऊ” यावरून कळतं.

आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर मला काचेवर फक्त माइकचं चित्र आणि किती मिनिटं ते दिसतं. मीटिंगमध्ये मी ते ऐकू शकत नाही. आवाज पाठवा, तो ऐकून बरं वाटतं, पण आधी एक ओळ लिहा: “गोळीचं विचारायचंय, ऐक.”

मेसेज गेल्यावर एकदा मागे येऊन नावांच्या यादीत बघा. माझ्या नावाखाली तुमच्या शेवटच्या मेसेजची सुरुवात दिसते. तेवढ्यावरून तुम्हाला काय विचारायचंय ते कळत असेल, तर मलाही कळेल. म्हणूनच पाच तुकड्यांत पाठवू नका, नाहीतर तिथे “दुआत याद ठेव” एवढंच उरतं.

आणि चक्कर आली, छातीत दुखलं, तर मेसेज लिहूच नका. फोन करा. मी उचलला नाही तर मामाला करा.

तुमची नात.

चिठ्ठी इथे संपते. नानीने ती वाचली आणि म्हणाली, “असं एकदम मागितल्यासारखं वाटतं गं.” तेव्हा मला खरं कारण कळलं. तिच्या काळी कोणाकडे काम असेल तर आधी बसायचं, चहा घ्यायचा, मुलाबाळांची चौकशी करायची आणि उठताना उंबऱ्याशी म्हणायचं, “बरं, एक काम होतं.” बाईने तर शक्यतो तेही म्हणू नये, समोरच्याने ओळखावं. त्या घरात समोरचा माणूस उंबऱ्यापर्यंत सोबत यायचा, म्हणून ते चालायचं. फोनवर कोणी उंबऱ्यापर्यंत येत नाही. आम्ही दारातूनच “मी मजेत” म्हणून परत फिरतो.

काही जण म्हणतील, आता आजीने नातीला अर्ज केल्यासारखं लिहायचं का? मला उलट वाटतं. सवाल वर आणला म्हणून आपुलकी कमी होत नाही. उलट उत्तर मिळालं की खालच्या गप्पा निवांत वाचता येतात. मात्र मौतीची खबर, आजारपणाची चौकशी, ईदच्या मुबारकबादी यांत ही रीत लावू नये. तिथे कामाचा सवाल दुसऱ्या मेसेजमध्ये, थोड्या वेळाने विचारावा.

आणि सगळा भार नानीवर टाकणंही बरोबर नाही. सूरह निसामध्ये सलामला तसंच किंवा त्याहून चांगलं उत्तर देण्याची शिकवण आहे. अर्धा मेसेज वाचून दिलेलं माझं उत्तर त्यात बसत नव्हतं. आता मी तिचा मेसेज शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर देत नाही, आणि त्यात सवाल दिसला नाही तर मीच विचारते, “नानी, काही सांगायचंय का?”

त्या वेळी चौथ्या दिवशी मामाने फोन केला म्हणून हे कळलं. डॉक्टरांनी बीपी तपासलं, ते वाढलं होतं. त्यांनी गोळीची वेळ इफ्तारनंतरची ठरवून दिली. परवा नानीचा मेसेज आला: “सलाम बेटा. चष्म्याचा नंबर काढायला कधी नेशील? शनिवारच्या आत सांग.” खाली तेरा ओळी गप्पा होत्या. मी सगळ्या वाचल्या.